पहिली नाइट ड्युटी, न जेवलेल्या काकू आणि माझी उजळणीची वही

रातराणी

बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेड-सर्जचा पेपर ५ आठवड्यांवर आलाय. मागच्या आठवड्यात पहिली नाइट लागली आणि त्या रात्रीनंतर माझी अभ्यासाची पद्धतच बदलली. बदल बरोबर आहे की नाही ते मला कळत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. लांबलंय, सांभाळून घ्या.

फीमेल सर्जिकल वॉर्ड, रात्री ८ ते सकाळी ८. एक स्टाफ सिस्टर, आम्ही दोघी विद्यार्थिनी आणि एक मावशी. १४ नंबरवर ५८ वर्षांच्या काकू होत्या. डायबेटिक, पायाला जखम, सकाळी डिब्राइडमेंटसाठी पहिलीच केस. संध्याकाळच्या सिस्टरनी ओव्हर देताना सांगितलं, "१४ नंबर, ३०/७० इन्शुलिन साडेसातला दिलंय, रात्री १२ नंतर एनबीएम, कन्सेंट झालाय." मी वहीत "१४ – एनबीएम" एवढंच लिहिलं.

पावणेनऊला टीपीआर घेत फिरत होते. काकूंच्या स्टुलाखाली ताट झाकून ठेवलं होतं. त्यांची सून म्हणाली, "सिस्टर, यांना मळमळत होतं म्हणून जेवल्या नाहीत. आता थोडी खिचडी देऊ का?" मी म्हणाले, "नको, उद्या ऑपरेशन आहे ना, एनबीएम आहेत."

बारा वाजायला सव्वातीन तास होते. मी "१२ नंतर" हे शब्द ऐकले होते, पण वहीत लिहिले नव्हते. सुनेने ताट उचललं आणि ती बाहेर जाऊन झोपली.

२ वाजून ४० मिनिटांनी काकू झोपेत पुटपुटत होत्या. मला वाटलं स्वप्न पडलं असेल. कपाळाला हात लावला तर गार आणि ओलं. उशीचा अभ्राही ओला होता. "थंडी वाजतेय का?" विचारलं, त्या हो म्हणाल्या. मी ब्लँकेट आणून पांघरलं. ती १० मिनिटं मी ब्लँकेटवर घालवली हे मला अजून टोचतं.

मग पल्स घेतली, ११६. बीपी १४०/८०. घाम आणि जलद नाडी, म्हणजे शॉक असं डोक्यात आलं. पण शॉकमध्ये बीपी उतरायला हवं ना? पाठ केलेली यादी आणि समोरची बाई जुळेनात. सिस्टर दुसऱ्या टोकाला कॅज्युअल्टीतून आलेली पेशंट घेत होत्या. मी धावत गेले आणि नाडी, बीपी, घाम सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता एकच विचारलं, "जेवल्या होत्या का?"

ग्लुकोमीटरवर ३८ आलं.

तोपर्यंत काकू हाक मारल्यावर डोळे उघडायच्या, पण पाणी गिळतील असं वाटत नव्हतं. सिस्टरनी इंटर्नला फोन केला आणि मला म्हणाल्या, "ट्रेमधून पंचवीस टक्के आण." माझ्या हातात १०० मिलीची २५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली आली. मी मात्र पाठ केलं होतं "५० टक्के, ५० मिली". मी म्हणाले, "सिस्टर, हे अर्ध्याच ताकदीचं आहे, दोन बाटल्या आणू का?" त्या इंट्राकॅथ चालू आहे का बघत म्हणाल्या, "टक्के म्हणजे काय गं? शंभर मिलीत किती ग्रॅम ते. आता सांग."

शंभर मिलीत पंचवीस ग्रॅम. आणि ५० टक्क्यांच्या ५० मिलीतही पंचवीसच. दोन्हीत साखर तेवढीच. हे गणित मला चौथीपासून येतं, पण औषधाच्या बाटलीवर ते मी कधी केलं नव्हतं.

सिस्टरनी ते सुमारे १० मिनिटांत सावकाश दिलं. मला शिरेच्या जागी बोट ठेवून बसवलं होतं, कारण हे घट्ट द्रावण शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस खराब होतं. फुगवटा दिसला तर लगेच सांगायचं. अर्ध्यावर असतानाच काकूंनी मला विचारलं, "तू कोण?" मला रडू आलं.

१५ मिनिटांनी दुसऱ्या हाताच्या बोटावर शुगर घेतली, १५२. मला वाटलं संपलं. सिस्टर म्हणाल्या, "इन्शुलिन अजून आत आहे. साखर तुझी संपेल, ते नाही संपणार." ५ टक्के डेक्स्ट्रोज तासाला १०० मिलीने लावलं, म्हणजे २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला ३३ थेंब. साडेचारला ९४, साडेपाचला ७१. परत उतरत होती. तासाला ५ ग्रॅम पुरत नव्हते. इंटर्नने १० टक्के चालू केलं, साडेसहाला ११२ आली.

आता अभ्यासाचं. घरी येऊन वही उघडली. इन्शुलिन पान ४२ वर आहे: प्रकार, सुरुवात, शिखर, कालावधी. एनबीएम पान ११० वर, प्री-ऑपरेटिव्ह केअरमध्ये. हायपोग्लायसेमिया आणखी तिसरीकडे. तिन्ही पानं मला तोंडपाठ होती. वहीत ती एकमेकांना कधी भेटलीच नव्हती, भेटली ती १४ नंबरच्या खाटेवर.

म्हणून मी एका मोठ्या कागदावर संध्याकाळी ७ ते सकाळी ७ अशी आडवी रेषा मारली. खाली चार ओळी: पोटात काय गेलं, औषध काय गेलं, ते औषध कधी सर्वात जोरात असेल, आणि आपण काय मोजलं. वही बंद करून आठवून भरायचं, अडलं तरच उघडायची. ३०/७० मधला ३० टक्के भाग पटकन काम करतो, ७० टक्के संथ भाग साधारण ४ ते १२ तासांत जोरात असतो. म्हणजे साडेसातच्या डोसाचा जोर रात्री साडेअकरापासून. आणि "पोटात काय गेलं" ही ओळ दुपारी एकनंतर कोरी. कागदावर ते इतकं उघडं दिसतं की अडीचला घाम फुटणार हे कुणीही सांगेल.

आता मी धडे सोडून अशा "रात्री" करते. एका रात्रीला दीड ते दोन तास जातात. असं करत ५ आठवड्यांत अभ्यासक्रम पुरा होईल का?

---

अर्चना_ट

वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलीलाही पुढच्या महिन्यात नाइट लागणार आहे. दुपारी ४ तास झोप काढून जायचं, रात्री १२ नंतर जड खायचं नाही, पाण्याची बाटली जवळ ठेवायची. पहिल्या दोन रात्री त्रास होतो, मग शरीराला सवय लागते असं तिच्या मैत्रिणी म्हणतात. तू खातेस ना वेळेवर?

---

रातराणी

हो काकू, डबा नेते. झोपेचा त्रास झाला नाही, मी अभ्यासाबद्दल विचारत होते. पण मुलीला नक्की सांगा.

---

ब्रदर_आयसीयू

६ वर्षं आयसीयूत आहे. चूक तुझी नाही, ऑर्डरची आहे. एनबीएम म्हटलं की इन्शुलिन बंद, हा साधा नियम. संध्याकाळी दिलंच कशाला? तुझ्या कागदावर वरच ठळक लिहून ठेव, "एनबीएम = इन्शुलिन होल्ड". अर्धा अभ्यास तिथेच होतो.

---

निवृत्त_सिस्टर

ब्रदर, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण हे वाक्य तिच्या कागदावर ठळक लिहू देऊ नका.

साडेसातचा डोस रात्रीच्या जेवणासाठीचा होता आणि एनबीएम बारानंतर. ऑर्डर आपल्या जागी ठीक होती. बिघडलं ते जेवणाचं. डोस आणि ताट यांची गाठ कुणी घातली नाही. ३०/७० द्यायचं ते जेवणाआधी अर्धा तास, आणि देणाऱ्याने "ताट आलंय का, खाणार आहात का, मळमळतंय का" एवढं विचारून सुई टोचायची. मळमळणाऱ्या बाईला आधी इन्शुलिन देऊन टाकलं की ते परत काढता येत नाही. साडेसातला हे विचारलं असतं तर डॉक्टरला फोन गेला असता आणि डोस कमी झाला असता किंवा थांबला असता.

सकाळचा जेवणासाठीचा डोस मात्र एनबीएम असताना थांबवतात, ते तुमचं बरोबर. पण "बंद" हा नियम टाइप वनच्या पोराला लावलात तर तो केटोअ‍ॅसिडोसिसमध्ये जाईल. त्याचं बेसल, लांब चालणारं इन्शुलिन उपाशीपोटीही चालू ठेवावं लागतं, प्रमाण डॉक्टर ठरवतात. मी स्वतः एकदा असा डोस "एनबीएम आहे म्हणून" न देता ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगं उलट्या करत होतं आणि श्वास खोल, जोरात चालला होता. तेव्हा मी १० वर्षांची जुनी स्टाफ होते, विद्यार्थिनी नव्हते.

रातराणी, बाळा, ब्लँकेटच्या १० मिनिटांबद्दल एक सांगते. गार घाम असलेल्या माणसाला पांघरूण घालण्याआधी त्याच्या कॉलरच्या आत, मानेवर हात घालून बघायचा. थंडी वाजणाऱ्याची कातडी कोरडी असते, काटा आलेला असतो. ओली आणि गार लागली तर पांघरूण राहू दे, बोट टोच. डायबेटिक असेल तर आधी शुगर, मग बाकी सगळं. एका थेंबाचं काम आहे.

---

ब्रदर_आयसीयू

टाइप वनचं मान्य, मी आमच्या युनिटच्या सवयीने लिहिलं. आमच्याकडे बहुतेकांना इन्शुलिन पंपाने चालू असतं आणि दर तासाला शुगर होते, त्यामुळे ताटाचा प्रश्न येतच नाही. पण साडेसातला देणाऱ्याने विचारायला हवं होतं, यावर मी ठाम आहे. विद्यार्थिनीने सगळं स्वतःवर घेऊ नये.

---

सुहास_क

माझ्या आईला गेल्या दिवाळीत असंच झालं. पहाटे उठवलं तर उठेना, घामाने गाऊन ओला. बायकोने लगेच तोंड उघडून दोन चमचे मध ओतला, वर पाणी. आई खोकली, ठसका लागला, पण ४–५ मिनिटांत शुद्धीवर आली. तेव्हापासून आम्ही उशाशी मध ठेवतो. तुमच्या वॉर्डात एवढं बाटली, सुई करण्यापेक्षा मध का ठेवत नाहीत?

---

निवृत्त_सिस्टर

सुहासराव, आई बऱ्या झाल्या, आनंद आहे. पण त्या ठसक्यात मध फुप्फुसात जाऊ शकला असता. जो माणूस हाकेला नीट ओ देत नाही, स्वतः पेला धरून गिळत नाही, त्याच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. घरी ग्लुकागॉनचं इंजेक्शन ठेवावं का ते डॉक्टरांना विचारा.

जागा असेल, बोलत असेल, तर सुईची गरज नाही. तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून प्यायला द्या, १५ मिनिटांनी परत शुगर बघा, ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच. वर आली की भाकरी, पोळी, काहीतरी टिकणारं खायला द्या. आणि आईला रात्री कोणती गोळी किंवा इन्शुलिन आहे, जेवण कितीला, हे डॉक्टरांना पुन्हा दाखवा. पहाटे असं एकदा झालं म्हणजे डोस बघायला हवा.

---

सुहास_क

हे कुणी सांगितलंच नव्हतं. आई रात्री ग्लिमेपिराइड घेते आणि हल्ली जेवणही कमी झालंय. या आठवड्यात दाखवतो. मध उशाशी आहे, पण आता तो जागी असतानाच.

---

औषध_दुकान

मी फार्मासिस्ट. जेवणाचं ठीक, पण ३८ इतकी खाली गेली म्हणून एक वेगळी शंका. कुपी मिलीला ४० युनिटची होती की १०० ची? आणि सिरिंज लाल टोपणाची की केशरी? आपल्याकडे दोन्ही चालतात आणि हा घोळ मी आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर बघतो. १०० ची कुपी आणि ४० ची लाल सिरिंज घेतली, २० च्या रेषेपर्यंत भरली, तर २० नाही, ५० युनिट जातात.

---

रातराणी

हे वाचून काल ड्युटीवर फ्रीज उघडून बघितला. वॉर्डची कुपी ४० ची आहे. आमच्याकडे लाल टोपणाच्याच सिरिंज येतात. म्हणजे ते बरोबर असणार.

पण फ्रीजच्या दारात काकूंच्या नावाची पट्टी लावलेली एक पेनची कार्ट्रिजही होती, घरून आणलेली. संध्याकाळच्या विद्यार्थिनीला विचारलं तर ती म्हणाली, "सिस्टरनी भरून दिलं, कशातून ते मी बघितलं नाही." सिरिंज तर हब कटरमध्ये गेली.

---

औषध_दुकान

पेनची कार्ट्रिज १०० ची असते. तिच्यातून लाल सिरिंजने ओढलं असेल तर अडीचपट. ओढलं नसेल तर प्रश्न नाही. आता कळायला मार्ग नाही, पण इनचार्ज सिस्टरना कार्ट्रिजबद्दल नक्की सांग. पेनमधून सिरिंजने ओढायचंच नसतं.

---

रातराणी

सांगितलं. कार्ट्रिज नातेवाइकांना परत दिली. माझ्या कागदावर "औषध काय गेलं" या ओळीत आता "कशातून, कशाने" असंही लिहिते. १४ नंबरच्या रात्रीत मात्र त्या जागी प्रश्नचिन्हच आहे.

---

ट्यूटर_मेडसर्ज

मूळ प्रश्नाकडे येते, कारण ५ आठवडे फार नाहीत.

तुझी रेषा मला फार आवडली, मी ती वर्गात वापरणार आहे. पण मी पेपर तपासते, म्हणून दुसरी बाजूही सांगते. काल रात्री एक प्रयोग कर असं मी माझ्या दोन विद्यार्थिनींना सांगितलं. तुझ्यासारखी रेषा काढायची आणि मग वही न बघता "डायबेटिस मेलिटस, नर्सिंग मॅनेजमेंट" हा लाँग क्वेश्चन लिहायचा. हायपोग्लायसेमियाचा भाग दोघींनी अप्रतिम लिहिला, असा मी कधी वाचला नव्हता. "घाम, जलद नाडी, पण बीपी पडलेलं नाही" हा शॉकशी फरक एकीने स्वतःहून मांडला. पण प्रकार, तपासण्या, डोळ्यांची आणि किडनीची गुंतागुंत, पायाची काळजी यांतलं निम्मं दोघींकडूनही राहिलं. कारण रात्रीच्या रेषेवर ते येतच नाही. २० वर्षांत खराब होणारी किडनी १२ तासांच्या कागदावर कशी दिसेल?

म्हणून माझा सल्ला असा. जिथे काही तासांत बिघडतं तिथेच रेषा काढ: इन्शुलिन, शॉक, ऑपरेशननंतरचा पहिला दिवस, रक्त चढवणं, दमा, डोक्याची दुखापत. बाकीचं नेहमीसारखं मथळ्यांनी. आणि मथळ्यांचीही उजळणी वाचून नको, कोऱ्या कागदावर आठवून कर. तुझ्या पद्धतीतला मला वाटतं खरा फायदा वही बंद करण्यात आहे, रेषेत तितका नाही.

---

रातराणी

मॅडम, शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. वही बंद करून मी आधीही लिहायचे. इन्शुलिनचं शिखर विचारलं असतं तर त्या रात्री पावणेनऊलाही मी ते बरोबर सांगितलं असतं. खिचडी नको म्हणताना ते मला आठवलं नाही, कारण तो प्रश्न इन्शुलिनचा आहे असं मला वाटलंच नाही. दोन धडे शेजारी ठेवल्याशिवाय ते कसं सुचणार?

पण प्रकार आणि गुंतागुंत राहते हे खरं. काल मीही तो प्रश्न लिहून बघितला, पायाच्या काळजीच्या दोनच ओळी आल्या. आणि काकू पायासाठीच ॲडमिट होत्या.

---

ट्यूटर_मेडसर्ज

मुद्दा पटला, त्यावर मी अजून विचार करते. मग वेळेचं असं बघ: आठवड्याला तीन रात्री, जास्त नाही. पंधरा झाल्या की थांब.

---

ब्रदर_आयसीयू

एक रात्र माझ्याकडून घे. फुरोसेमाइड रात्री ८ ला, म्हातारे आजोबा, खाटेचे कठडे वर. पोटात काय गेलं, औषध कधी जोरात, आणि बाथरूम किती पावलांवर. आमच्याकडे पडण्याच्या घटना अशाच वेळी झाल्यात.

---

रातराणी

घेतली. "बाथरूम किती पावलांवर" यासाठी पाचवी ओळ काढावी लागेल.

---

निवृत्त_सिस्टर

एक विचारायचं राहिलं. साडेसहाला ११२ म्हणतेस. १० टक्के चालू होतं, सकाळी पहिली केस, आठला तू घरी गेलीस. तुझ्या रेषेवर ७ नंतर काय लिहिलंयस? १० टक्के कधी थांबवायचं, पुढची शुगर कितीला, सकाळच्या डोसाचं काय, हे ओव्हर देताना सांगितलंस का?

---

रातराणी

रात्रीच्या सगळ्या शुगर सांगितल्या आणि १० टक्के चालू आहे हेही. डॉक्टरांनी केस दुपारवर ढकलली, ते सकाळच्या सिस्टरना माहीत होतं. पुढची शुगर कितीला घ्यायची ते मी सांगितलं नाही. सकाळच्या डोसाबद्दल तर बोललेच नाही.

माझी रेषा ७ ला संपते. कागदाला आता उजवीकडे दुसरा कागद चिकटवते आहे.